पंच्याण्णव पट्ट्या आणि पस्तीस वर्षं

बारकोडचे क्रमांक वाटून देणारी जीएस-वन ही आंतरराष्ट्रीय संस्था सांगते की जगभरात दिवसाला १,००० कोटींहून जास्त वेळा बारकोड वाचला जातो. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार केला तर दर सेकंदाला एक लाख पंधरा हजार 'टूं' होतात. तुम्ही हा परिच्छेद वाचून संपवेपर्यंत तीसएक लाख वस्तू कुठल्या ना कुठल्या गल्ल्यावरून पुढे सरकलेल्या असतील. आणि ज्या दोघांना ही कल्पना सुचली, त्यांना पेटंट विकून १९६२ साली मिळाले १५,००० डॉलर. आजच्या फक्त एका दिवसाच्या बीपांवर ती रक्कम पसरली, तर एका डॉलरमागे साडेसहा लाखांहून जास्त बीप येतात.

हा आकडा डोळे दिपवतो खरा, पण मला याहून नवल वाटतं ते दुसऱ्याच एका हिशेबाचं. कल्पना सुचली जानेवारी १९४९मध्ये. दुकानात पहिली वस्तू स्कॅन झाली जून १९७४मध्ये. आणि अमेरिकेतल्या एक तृतीयांश किराणा दुकानांत स्कॅनर पोचले ते १९८४च्या सुमारास. म्हणजे पस्तीस वर्षं. तेवढ्या काळात माणूस चंद्रावर जाऊन आला, तिथल्या मोहिमा बंदही झाल्या, आणि बिस्किटाच्या पुड्यावरच्या रेघा वाचणारं यंत्र मात्र बहुतेक दुकानांच्या दारातच उभं होतं.

गोष्ट सुरू होते १९४८ साली, फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल इन्स्टिट्यूटमध्ये. फूड फेअर या स्थानिक किराणा साखळीचा अध्यक्ष तिथल्या डीनकडे आला होता. गल्ल्यावर मालाची माहिती आपोआप टिपून घेणारं काही तरी तुमच्या संस्थेने शोधून द्यावं, अशी त्याची विनंती होती. डीनने नकार दिला. ते बोलणं बर्नार्ड सिल्व्हर या तरुणाच्या कानावर पडलं आणि त्याने ते आपला मित्र नॉर्मन जोसेफ वुडलँडला सांगितलं. दोघांनी आधी अतिनील प्रकाशात चमकणारी शाई करून पाहिली. ती महाग पडायची आणि काही काळाने फिकी व्हायची. पण वुडलँडच्या डोक्यातून विषय जाईना. त्याने ड्रेक्सेल सोडलं आणि मायामी बीचवर आजोबांच्या घरी जाऊन राहिला.

तिथे समुद्रकाठी बसून तो विचार करत होता. संकेतलिपी एकच येत होती, लहानपणी बॉय स्काउटमध्ये शिकलेली मोर्स. त्याने वाळूत मोर्सचे टिंब आणि डॅश काढले आणि सहज बोटं खाली ओढली. टिंबाची झाली बारीक रेघ, डॅशची झाली जाड रेघ. मग त्याने त्याच रेघा गोल फिरवून एकात एक वर्तुळं केली, कारण वर्तुळ कुठल्याही बाजूने पाहिलं तरी सारखंच दिसतं. गल्ल्यावरच्या माणसाला डबा सरळ धरत बसायला नको. ऑक्टोबर १९४९मध्ये दोघांनी पेटंटचा अर्ज केला, १९५२च्या ऑक्टोबरात ते मिळालं. त्यात रेघाही होत्या आणि वर्तुळंही. रेघा दहापर्यंत वाढवल्या तर १,०२३ प्रकारच्या वस्तू वेगळ्या ओळखता येतील, असा त्यांचा हिशेब होता.

मधल्या काळात वुडलँड आयबीएममध्ये लागला, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन इथे राहत्या घराच्या दिवाणखान्यात दोघांनी पहिला वाचक उभा केला. तो टेबलाएवढा होता. बाहेरचा उजेड येऊ नये म्हणून त्याला काळं मेणकापड गुंडाळलं होतं. आत ५०० वॉटचा दिवा आणि सिनेमातला ध्वनी वाचण्यासाठी वापरत तशी प्रकाशाला संवेदनशील नळी. कागदावरची खूण दिव्यापुढून सरकवली की नळीला जोडलेल्या ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर रेघ हलायची. यंत्र चाललं! फक्त दिव्याच्या आचेने कागद धुमसायला लागला.

पाचशे वॉट का लागले, हे समजून घेण्यासारखं आहे. दिव्याचा प्रकाश चोहीकडे पसरतो. वाचकाला हवा असतो तो रेघेच्या रुंदीपेक्षाही लहान अशा ठिपक्यापुरता उजेड. बाकी सगळी उष्णताच. त्यामुळे ठिपका उजळायचा तर अख्खी खोली तापवावी लागते. पुढे, १९६० साली, कॅलिफोर्नियात थिओडोर मेमनने पहिला लेसर चालवला, आणि १९६२पर्यंत हेलियम-निऑन वायूचा लाल लेसर तयार झाला. दुकानातल्या स्कॅनरला असा सुमारे एक मिलिवॉटचा लेसर पुरतो, म्हणजे त्या दिव्याच्या पाच लाखांश शक्ती. पण हा एक मिलिवॉट समजा ०.२ मिलिमीटर व्यासाच्या ठिपक्यावर एकवटला, तर तिथली प्रखरता भर दुपारच्या उन्हाच्या तीसपट भरते. तरी कागद जळत नाही, कारण ठिपका एका जागी थांबतच नाही. फिरते आरसे त्याला सतत पळवत असतात.

उजेडाचा प्रश्न असा सुटला. दुसरी अडचण मेंदूची होती. खूण वाचून तिचा क्रमांक हाती आला, तरी त्या क्रमांकाची किंमत कुठून तरी काढून द्यायला हवी. १९७०च्या सुमाराला अमेरिकन सुपरमार्केटमध्ये सात-आठ हजार प्रकारचा माल असे. तेवढ्या किमती साठवून निमिषात शोधून देणारा संगणक १९५२मध्ये दुकानात ठेवायचा म्हणजे दुकानच विकायला काढावं लागलं असतं. तो आवाक्यात यायला सत्तरचं दशक उजाडलं. तोपर्यंत फिल्को कंपनीने पेटंट घेऊन पुढे आरसीए या कंपनीला विकलंही होतं. सिल्व्हर १९६३ साली, वयाच्या अवघ्या ३८व्या वर्षी वारला. पेटंटची मुदत १९६९मध्ये संपली. पैसा सुरू व्हायच्या आतच हक्क संपले.

आरसीएने वुडलँडची वर्तुळं उचलली आणि जुलै १९७२मध्ये सिनसिनाटीजवळ क्रोगर साखळीच्या एका दुकानात प्रयोग सुरू केला. तिथे दोष उघड झाला तो वाचण्यात नव्हे, छापण्यात. छापखान्यात कागद ज्या दिशेने धावतो त्या दिशेने शाई किंचित ओढली जाते. वर्तुळाची कड काही ठिकाणी त्या दिशेला आडवी असते, काही ठिकाणी समांतर. आडव्या कडेवर शाई पसरली की दोन कड्यांमधली पांढरी फट बुजते आणि खूण वाचता येत नाही.

दरम्यान किराणा उत्पादक आणि दुकानदार यांनी १९७०मध्ये एक समिती नेमली होती. तिचे अध्यक्ष हाइन्झ कंपनीचे बर्ट गुकिन. खूण निवडायला ॲलन हेबरमन यांच्या अध्यक्षतेखाली वेगळी उपसमिती होती. अटी कडक होत्या. खुणेने दीड चौरस इंचाहून जास्त जागा खायची नाही. वस्तू कशीही फिरवली तरी वाचता आली पाहिजे. चूक वीस हजारांत एकाहून जास्त चालणार नाही. आयबीएमकडून हे काम नॉर्थ कॅरोलायनातल्या जॉर्ज लॉरर या अभियंत्याकडे आलं. वुडलँड तेव्हा त्याच कंपनीत होता, म्हणजे वर्तुळांचा जनक हाताशी होता. लॉररने हिशेब मांडला आणि वर्तुळं सोडून उभ्या रेघांवर आला. छपाईची दिशा रेघेच्याच दिशेने ठेवली, तर शाई ओढली जाऊन रेघ फक्त लांब होते, जाड होत नाही.

त्याने बसवलेली खूण आज तुमच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर आहे, म्हणून ती जरा जवळून पाहू. अमेरिकन कोडमध्ये १२ अंक. प्रत्येक अंकाला सात बारीक पट्ट्यांची जागा, म्हणजे ८४. दोन टोकांना तीन-तीन आणि मधोमध पाच खुणेच्या पट्ट्या. एकूण ९५. नेहमीच्या आकारात एक पट्टी ०.३३ मिलिमीटर, सगळा मामला ३१ मिलिमीटरांत बसतो. सात पट्ट्यांत दोन काळ्या रेघा आणि दोन पांढऱ्या फटी अशा रीतीने बसवायच्या, तर पांढऱ्याने सुरू होणाऱ्या बरोबर २० रचना निघतात. त्यांतल्या दहांत काळ्या पट्ट्यांची बेरीज विषम येते. डाव्या सहा अंकांना त्या दहा दिल्या. उजव्या सहांना त्याच, पण काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं करून. त्यामुळे तिकडे बेरीज सम येते. यंत्राने आधी सम बेरजा वाचल्या, तर त्याला लगेच कळतं की आपण कोड उलटा वाचतो आहोत.

सगळ्यात सुरेख भाग शाईचा. समजा शाई पसरून प्रत्येक काळी रेघ दोन्ही अंगांनी फुगली. रेघ जाड झाली, फट बारीक झाली, आणि जाडी मोजून अंक ओळखणारं यंत्र फसलं. म्हणून लॉररच्या पद्धतीत मोजतात ते एका रेघेच्या डाव्या कडेपासून पुढच्या रेघेच्या डाव्या कडेपर्यंतचं अंतर. दोन्ही डाव्या कडा सारख्याच डावीकडे सरकलेल्या असतात, त्यामुळे अंतर जिथल्या तिथे राहतं. ही युक्ती सगळीकडे पुरत नाही. १ आणि ७ या जोडीत ही अंतरं सारखीच येतात, २ आणि ८ मध्येही तेच. तिथे रेघेची जाडीही पाहावी लागते. छपाई फार बिघडली की घोटाळा व्हायचा तो याच अंकांत.

आणि वस्तू कशीही फिरवली तर? कोडचे दोन अर्धे तुकडे स्वतंत्रपणे वाचता येतात, आणि प्रत्येक तुकडा रुंदीपेक्षा उंच आहे. त्यामुळे लेसरच्या फुलीसारख्या दोन रेषांपैकी एक तरी प्रत्येक तुकड्याच्या आरपार जातेच. जुळवाजुळव नंतर संगणक करतो. वरिष्ठांना हे दाखवायच्या वेळी आयबीएमने तळाशी कोड लावलेले, वाळूच्या पिशवीवर बसवतात तसले ॲशट्रे आणले आणि सॉफ्टबॉलच्या एका पट्टीच्या गोलंदाजाला ते स्कॅनरवरून जोरात फेकायला सांगितलं. स्कॅनरने ते बरोबर वाचले, अशी आठवण लॉररने लिहून ठेवली आहे.

चुकीची अट सांभाळली शेवटच्या अंकाने. एक खराखुरा कोड घेऊ, टिश्यू पेपरच्या खोक्यावरचा: ०३६०००२९१४५२. शेवटचा २ बाजूला ठेवा. पहिला, तिसरा, पाचवा अशा एकाआड एक जागांवरचे अंक ०, ६, ०, २, १, ५; बेरीज १४, तिची तिप्पट ४२. उरलेले ३, ०, ०, ९, ४, बेरीज १६. एकूण ५८. पुढच्या पूर्ण दशकाला, म्हणजे ६०ला, २ कमी. तो हा २. एकच अंक चुकला तर ही बेरीज हमखास बिघडते. शेजारचे दोन अंक उलटेपालटे झाले तरी बहुतेक वेळा बिघडते. फक्त त्या दोहोंत पाचाचा फरक असेल, जसे २७चे ७२ झाले, तर चूक गुपचूप निसटते. लेसर अंकांची अशी अदलाबदल करत नाही. ती करतो कोड वाचला जाईना म्हणून हाताने बटणं दाबणारा माणूस.

३ एप्रिल १९७३ला समितीने लॉररची खूण पक्की केली. २६ जून १९७४च्या सकाळी ८ वाजून १ मिनिटाने ओहायोतल्या ट्रॉय गावी मार्श सुपरमार्केटमध्ये शेरॉन ब्युकॅनन या कॅशियरने रिगलीच्या जूसी फ्रूट च्युइंगमचा दहा पुड्यांचा पॅक स्कॅनरवरून सरकवला. किंमत ६७ सेंट. गिऱ्हाईक होते क्लाइड डॉसन, मार्शचेच एक अधिकारी. गल्ल्याची यंत्रं करणाऱ्या एनसीआर कंपनीचं मुख्यालय तेव्हा तिथून जवळच, डेटनला होतं. आदल्या रात्री माणसं बसून दुकानातल्या शेकडो वस्तूंवर चिकटपट्ट्या लावत होती, कारण बहुतेक मालावर कोड छापलेलाच नव्हता.

पुढच्या दहा वर्षांचा सगळा घोळ या चिकटपट्ट्यांत आहे. यंत्र होतं, खूण ठरली होती, आणि तरीही १९७६मध्ये बिझनेस वीकने सुपरमार्केटचा हा स्कॅनर फसला अशा अर्थाचा मथळा छापला. १९७८पर्यंत अमेरिकेतल्या शंभर किराणा दुकानांत एकातही स्कॅनर धड नव्हता.

दुकानदाराच्या जागी बसून पाहा. किराण्याच्या धंद्यात शंभर डॉलरच्या विक्रीमागे निव्वळ नफा जेमतेम एक डॉलर. एखाद्या दुकानाची वर्षाची विक्री गणितापुरती ५० लाख डॉलर धरली, तर हातात उरतात ५० हजार. दीड लाख डॉलरची यंत्रणा बसवायची म्हणजे तीन वर्षांचा सगळा नफा त्यात घालायचा, तोही कर्ज महाग असलेल्या मंदीच्या दिवसांत. उलट बाजूने पाहिलं तर स्कॅनरमुळे विक्रीच्या फक्त एक टक्का वाचला तरी नफा दुप्पट. मोह मोठा होता. म्हणूनच तर समित्या बसल्या होत्या.

पण ती बचत हळूहळू येत नाही, शेवटी एकदम येते. आकडे करून पाहू. समजा एका टोपलीत २० वस्तू आहेत आणि बाजारातल्या निम्म्या मालावर कोड आहे. सरासरी दहा वस्तू 'टूं' करतील, दहांची किंमत हाताने टाइप करावी लागेल. सगळ्याच्या सगळ्या वीस वस्तूंवर कोड निघण्याची शक्यता दहा लाखांत एक. म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाला कॅशियर मध्येच थांबणार, डबा फिरवून किमतीची पट्टी शोधणार. ती पट्टी तिथे असायची तर कोणी तरी किमतीची बंदूक घेऊन ती लावलेली पाहिजे. त्या माणसाचा पगार चालूच. आता कोडचं प्रमाण ८५ टक्क्यांवर न्या. हाताने टाइप करायच्या वस्तू दहावरून तीनवर येतात, आणि उरलेल्या थोड्या मालाला दुकानातच कोडच्या पट्ट्या लावणं परवडायला लागतं. यंत्रणेचा खर्च भरून निघायला साधारण ८५ टक्के मालावर कोड हवा, असाच अंदाज तेव्हा जाणकार सांगत.

आता कारखानदार काय म्हणतो? त्याला प्रत्येक वेष्टनाची रचना बदलायची, छपाईचे ठसे नवे करायचे, जाहिरातीच्या जागेतला एक तुकडा काळ्या रेघांना द्यायचा. याचा फायदा कोणाला? दुकानदाराला. आणि दुकानात स्कॅनर किती? शंभरांत एकही नाही. मग घाई कसली! दोघंही 'पहले आप' करत उभे, आणि व्यवहार म्हणून पाहिलं तर दोघांचंही बरोबर. मला वाटतं, गुकिनसारख्या उत्पादकाला समितीच्या डोक्यावर बसवणं हीच या गोष्टीतली सगळ्यात हुशार खेळी होती. कारखानदाराला कोड छापायला सांगणारा स्वतः कारखानदार होता.

गिऱ्हाईकही खूश नव्हतं. १९७३ आणि ७४ ही अमेरिकेत खाण्यापिण्याच्या वस्तू वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त महागलेली वर्षं. नेमक्या त्याच वेळी दुकानदार म्हणाले की आता डब्यावर किंमत लावणार नाही, ती फळीवर वाचा. लोकांना वाटलं, आत संगणकात भाव वाढवतील आणि आपल्याला पत्ता लागणार नाही. ग्राहक संघटनांनी आवाज उठवला, कॅरोल टकर फोरमन त्यात पुढे होत्या. कामगार संघटनांना नोकऱ्यांची धास्ती. काही राज्यांनी कायदेच केले की प्रत्येक नगावर किंमत असलीच पाहिजे. मिशिगनने १९७६मध्ये केलेला असा कायदा २०११पर्यंत टिकला. कायद्याने पट्टी सक्तीची केली की पट्टी लावणारा माणूस कायम राहतो आणि बचतीचा मोठा घास तिथेच जातो.

कोंडी फुटली तीही आकड्यांनीच. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला कोड असलेला माल ८५ टक्क्यांवर गेला, इलेक्ट्रॉनिक्स स्वस्त झालं, आणि दुकानदारांना बसवलेल्या यंत्रांतून आणखी एक गोष्ट सापडली: कुठल्या वाराला कुठला माल किती खपला हे रोजच्या रोज कळू लागलं. गल्ल्यावरचे सेकंद वाचवायला आणलेलं यंत्र फळीवरचा पडून राहणारा माल दाखवू लागलं. १९८१च्या मध्यावर दहा टक्के किराणा दुकानांत स्कॅनर होते. आणखी तीन वर्षांत तेहतीस टक्के.

युरोपने १९७७मध्ये आपली संस्था काढली आणि कोड १३ अंकांचा केला. गंमत अशी की त्यात एकही पट्टी वाढली नाही. आजही त्या ९५च आहेत. डाव्या सहा अंकांपैकी कोणाची बेरीज विषम आणि कोणाची सम ठेवायची, या क्रमातच तेरावा अंक दडवला. भारतीय कंपन्यांच्या कोडची सुरुवात ८९०ने होते. त्यातला पहिला ८ रेघांमध्ये कुठेच छापलेला नसतो. युरोपातलं यंत्र अमेरिकन कोड वाचू शकत होतं, त्याला तो शून्याने सुरू होणारा १३ अंकी कोड वाटे. पण अमेरिकेतल्या बऱ्याच दुकानांच्या संगणकात क्रमांकाचा रकाना बाराच घरांचा होता. त्यामुळे बाहेरच्या देशांतल्या निर्यातदारांना तिकडच्या बाजारासाठी वेगळा १२ अंकी कोड काढून वेष्टनं निराळी छापावी लागत. अमेरिकेतल्या दुकानांनी १३ अंक वाचायला शिकावं म्हणून तिथल्या संस्थेने मुदत घातली १ जानेवारी २००५ची. म्हणजे एका अंकाच्या घरासाठी आणखी २८ वर्षं.